रॉ मटेरियलचा रेट बदललाय? मग रिपीट ऑर्डरचं कोटेशन असं मागवा

रिपीट ऑर्डर आली की बहुतेक परचेसवाले काय करतात, जुना पीओ उघडतात, क्वांटिटी बदलतात आणि सप्लायरला मेल टाकतात, "Same as last order, please quote." दोन दिवसांनी उत्तर येतं, "साहेब मेटल १५ टक्के वाढलंय, रेट १५ टक्के वाढवून द्यावा लागेल." मग घासाघीस सुरू होते, १५ चं १२ होतं, १२ चं १० होतं आणि सगळे खुश. पण खरी वाढ किती व्हायला हवी होती हे शेवटपर्यंत कुणालाच कळलेलं नसतं, कधीकधी सप्लायरलासुद्धा नाही.

हे टाळायचं असेल तर कोटेशन मागवायच्या आधीच थोडं काम करावं लागतं. इथे एकच पार्ट घेऊन शेवटपर्यंत जातो, ब्रासचा साधा बुश, बाहेरून २० एमएम, बोअर ११ एमएम, लांबी १६ एमएम, वरून निकेल प्लेटिंग, ऑर्डर ५००० नगांची. तुमचा पार्ट स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा असला तरी क्रम हाच, फक्त स्क्रॅपचा हिशोब बदलेल. मागचा रेट नगाला १०० धरू, चलन कुठलंही असो, म्हणजे टक्के डोळ्यासमोर राहतात.

## १. आधी जुने कागद काढा, आणि बरोबर कागद काढा

मागच्या वेळचं कोटेशन नको, शेवटचं इन्व्हॉइस काढा. कोटेशनमध्ये १०४ असतं, बोलणी होऊन पीओ १०० चा निघतो, मग नवीन माणूस फाइलमधलं १०४ पकडून बसतो आणि सप्लायरने ११० म्हटलं की "सहाच वाढले" म्हणून मोकळा होतो.

इन्व्हॉइससोबत एवढं एका पानावर लिहून ठेवा: मागची क्वांटिटी, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, मटेरियलचा ग्रेड, रेटमध्ये गाडीभाडं धरलं होतं की सप्लायरच्या दारात डिलिव्हरी होती, पेमेंट किती दिवसांनी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचा रेट ठरला त्या दिवसाची तारीख. माल कधी आला ती तारीख नाही, रेट ठरला ती. मेटलमधला फरक त्या तारखेपासून मोजायचाय.

सावधान: ड्रॉइंगचं रिव्हिजन मधल्या काळात बदललं असेल तर ही रिपीट ऑर्डर नाहीच. टॉलरन्स घट्ट झाला असेल आणि मेटलही वाढलं असेल तर दोन्ही वाढी एकमेकांत मिसळतात, मग वेगळ्या काढता येत नाहीत. अशा वेळी आधी जुन्या रिव्हिजनचा आजचा रेट मागा आणि नवीन रिव्हिजनचा फरक वेगळ्या ओळीत मागा.

## २. पार्टचं वजन स्वतः काढा, दोन्ही वजनं

ही पायरी लोक हमखास सोडतात आणि पुढे सगळे पैसे इथेच जातात. वजनं दोन असतात. एक तयार पार्टचं, म्हणजे नेट. दुसरं तो पार्ट बनवायला जेवढा रॉड लागला त्याचं, म्हणजे ग्रॉस. सप्लायर पैसे मोजतो ग्रॉसचे, तुमच्या हातात येतं नेट, मधला फरक चिप्स होऊन मशीनखालच्या ट्रेमध्ये पडतो आणि ब्रासच्या चिप्स कुणी फेकून देत नाही, त्या किलोच्या भावाने विकल्या जातात.

नेट काढायला दहा-वीस नग एकत्र काट्यावर ठेवा आणि भागा, एकेक नग मोजू नका, छोट्या पार्टला काट्याची चूक जास्त लागते. प्लेटिंगचं वजन इथे सोडून दिलं तरी चालतं, इतकं कमी असतं. आपला बुश साधारण ३० ग्रॅम भरतो.

ग्रॉससाठी गोल ब्रास रॉडचं वजन असं निघतं:

```
एक मीटरचं वजन (किलो) = ०.००६६७ × व्यास × व्यास   (व्यास एमएममध्ये)
```

२० एमएमच्या रॉडला हे २.६७ किलो येतं. बुश १६ एमएमचा, पण पार्टिंग टूलची जाडी आणि फेसिंगला सोडलेलं मटेरियल धरून एका नगामागे समजा १८.७ एमएम रॉड जातो. २.६७ गुणिले ०.०१८७ केलं की जवळपास ५० ग्रॅम. म्हणजे ग्रॉस ५०, नेट ३०, चिप्स २०. आत गेलेल्या मेटलचं ४० टक्के चिप्स! बुशसारख्या पोकळ पार्टला हे असंच असतं.

चेक: सप्लायरने ग्रॉस ५१-५२ सांगितलं तर वाद घालू नका. प्रत्येक रॉडचा शेवटचा तुकडा चकमध्ये पकडायला उरतो, ३ मीटरच्या रॉडमागे ८० एमएम उरला तरी पावणेतीन टक्के होतात. ५८ सांगितलं तर मात्र विचारा, कदाचित तो मोठ्या व्यासाचा रॉड घेऊन बाहेरून टर्न करत असेल, आणि तसं असेल तर का हाच मुद्दा बोलायचा.

## ३. मेटल खरंच किती हललंय ते बघा

"मेटल वाढलंय" हे वाक्य ऐकून मान डोलवायची नाही, आणि बातमीत तांबं वाढलं वाचून घाबरायचंही नाही. लंडन मेटल एक्सचेंजवर तांबं, जस्त, शिसं यांचे रोजचे भाव निघतात, डॉलरमध्ये, टनाला. पण तिथे ब्रास रॉडचा भाव नसतो. मशीनिंगच्या ब्रासमध्ये ढोबळमानाने ५८ टक्के तांबं असतं, उरलेलं बहुतेक जस्त आणि थोडं शिसं. त्यामुळे तांबं २० टक्के वाढलं आणि जस्त जागेवरच असेल तर रॉड २० टक्के वाढायचं कारण नाही. शिवाय रॉडच्या किमतीत तो ओतून, एक्सट्रूड करून, ड्रॉ करण्याचा चार्ज असतो, तो तांब्याबरोबर उड्या मारत नाही. आणि तुमचं चलन डॉलरपुढे घसरलं असेल तर एक्सचेंजवर भाव स्थिर असूनही रॉड महाग झालेला असू शकतो, ही तक्रार सप्लायरची खरी असते, ती उडवून लावू नका.

म्हणून एक्सचेंजचा आकडा दिशा बघायला ठेवा आणि हिशोबाला रॉड विकणाऱ्याचाच भाव घ्या. दोन रॉड डीलरना फोन करून तोच ग्रेड, तोच व्यास, आजचा भाव विचारा. मागच्या तारखेचा भाव त्यांच्या जुन्या बिलात मिळतो, नाहीतर सप्लायरकडे मागता येतो. आपल्या उदाहरणात मागे रॉड किलोला १२०० होता, आज १३८०, म्हणजे १५ टक्के वाढ, सप्लायर खोटं बोलत नव्हता. चिप्सचा भाव मागे ८०० होता, आज ९२०.

नेहमीची चूक: एका दिवसाचा भाव दुसऱ्या एका दिवसाच्या भावाशी ताडून बघणं. मधे एखादा दिवस विचित्र असतो. दोन्हीकडे महिन्याची सरासरी मिळत असेल तर ती घ्या, पण मग दोन्हीकडे सरासरीच, एकीकडे सरासरी आणि दुसरीकडे कालचा भाव असं नको.

आणि हो, मेटल खाली आलं असेल तरी हीच पायरी करायची. वाढल्याचा फोन सप्लायर स्वतःहून करतो, उतरल्याचा फोन मी अजून कुणाकडून ऐकलेला नाही.

## ४. आता एन्क्वायरी लिहा, ब्रेकअपसकट

कोटेशनमध्ये एकच आकडा मागितला तर एकच आकडा येणार. त्यामुळे फॉर्मॅट तुम्ही द्यायचा, रिकाम्या रकान्यांचा, जुना आणि नवीन शेजारी-शेजारी. मेलचा मजकूर साधारण असा ठेवा:

> नमस्कार,
> ब्रास बुश, ड्रॉइंग आणि रिव्हिजन मागच्या पीओप्रमाणेच, काही बदल नाही. रिपीट ऑर्डरसाठी खालीलप्रमाणे कोटेशन द्यावं.
> १. क्वांटिटी ५००० आणि १०,००० असे दोन रेट.
> २. प्रत्येक रेटचा ब्रेकअप: रॉडचं ग्रॉस वजन आणि किलोचा भाव, चिप्सचं वजन आणि किलोचा भाव (वजा), मशीनिंग, प्लेटिंग, पॅकिंग, मार्जिन. मागच्या ऑर्डरचे आकडे शेजारच्या रकान्यात.
> ३. रॉडचा भाव कुठल्या तारखेचा धरलाय ते.
> ४. मटेरियल सोडून दुसऱ्या कशात वाढ असेल तर ती वेगळी आणि कारणासकट.
> ५. रेट किती दिवस चालेल, आणि त्यानंतर रॉडचा भाव बदलला तर नगाच्या रेटमध्ये किती फरक पडेल.
> ६. डिलिव्हरी, भाडं आणि पेमेंट मागच्यासारखंच धरावं. बदल हवा असेल तर स्पष्ट लिहावं.

यातला दुसरा आणि चौथा मुद्दा सगळं काम करतात. सप्लायर मशीनिंगचा रेट वाढवू शकत नाही असं नाही, वीज वाढली, पगार वाढले तर त्याने मागावंच, फक्त "मेटल वाढलं" या पांघरुणाखाली नको. वेगळ्या ओळीत आलं की तुम्ही हो म्हणू शकता किंवा नाही म्हणू शकता, एकत्र आलं की काहीच म्हणता येत नाही.

क्वांटिटीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, पहिला रेट मागच्याच क्वांटिटीचा मागा. मागे ५००० घेतले आणि आता फक्त २००० चा रेट मागितला तर मशीन सेटिंगचा खर्च कमी नगांवर पडतो, रेट वाढतो आणि तो मेटलमुळे वाढला असं वाटत राहतं. २००० च हवे असतील तर दोन्ही मागा.

स्वतः काढलेला आकडा मेलमध्ये लिहू नका. तुम्ही १०७ लिहिलंत आणि त्याच्याकडे जुन्या भावाचा रॉड पडून असल्यामुळे तो १०३ ला द्यायला तयार होता, तर चार गेले. तेच मेल त्याच फॉर्मॅटमध्ये अजून एका-दोघा सप्लायरना पण टाका, पण खरंच ऑर्डर द्यायची तयारी असेल तरच. फक्त भाव पाडायला दर वेळी कोटेशन मागवलं की तिसऱ्या वेळेला कुणी मनापासून उत्तर देत नाही.

ब्रेकअप द्यायला नाही म्हणाला तर? बरेच जण म्हणतात, आणि मार्जिन उघडं पडतं म्हणून ते समजण्यासारखं आहे. मग मशीनिंग, प्लेटिंग, मार्जिन एकत्र करून एकच आकडा द्या म्हणायचं, आपल्याला फक्त मटेरियलचा भाग वेगळा हवाय. एवढ्याला सहसा कुणी अडत नाही.

## ५. आलेलं कोटेशन तपासा

समजा उत्तरात नुसतं ११५ आलं. आता मागचे १०० उलगडून बघू. रॉड ५० ग्रॅम, १२०० च्या भावाने ६०. त्यातून चिप्सचे २० ग्रॅम, ८०० च्या भावाने १६ वजा, म्हणजे मटेरियल ४४. मशीनिंग ३६, प्लेटिंग १०, पॅकिंग ४, मार्जिन ६. झाले १००.

आज रॉड १३८०, म्हणजे ६९. चिप्स ९२०, म्हणजे १८.४० वजा. मटेरियल ५०.६०. बाकी सगळं जागेवर. एकूण १०६.६०.

म्हणजे मेटल १५ टक्के वाढलं तर हा नग वाढतो साडेसहा टक्क्यांच्या आसपास. ११५ कुठून आले, तर १५ टक्के पूर्ण रेटवर लावले, मशीनिंगवर, पॅकिंगवर, मार्जिनवरसुद्धा. ही चूक ओळखायला सोपी आहे. दुसरी जरा लपलेली असते, सप्लायर म्हणतो ठीक आहे, फक्त मटेरियलची वाढ लावतो आणि १०९ देतो. हिशोब बरोबर वाटतो, ६० चे ६९ झाले, ९ वाढले. पण यात चिप्स जुन्या भावानेच वजा झाल्या आहेत, रॉड महाग झाला तशा त्याही महाग झाल्या हे सोयीने राहून गेलंय. ५००० नगांवर १०९ आणि १०६.६० मधला फरक १२,००० होतो, ११५ शी तुलना केली तर ४२,०००.

अशा वेळी भांडायला जाऊ नका, फोन करा आणि विचारा. बोलणं साधारण असं होतं:

"मटेरियलचे ९ वाढवलेत ते बरोबर आहेत, पण चिप्स कुठल्या भावाने धरल्यात?"

"मॅडम चिप्सचं काय, मागच्यासारखंच ८०० धरलंय."

"पण रॉड १३८० ने घेताय तर चिप्स ८०० ने कशाला विकाल?"

"आमच्या चिप्स तेलकट असतात हो, स्क्रॅपवाला पूर्ण भाव देत नाही."

"मान्य, तेलकट मागे पण होत्या आणि तेव्हा ८०० मिळत होते. आज काय मिळतात ते सांगा, तोच धरू."

इथे तो ८८० म्हणाला तर ८८० घ्या. स्क्रॅपचा भाव रॉडच्या बरोबरीने त्याच दिवशी हलेल असं नाही, थोडा मागे राहतो, आणि वेगवेगळ्या धातूंच्या चिप्स मिसळल्या असतील तर अजून पडतो. ८८० ने चिप्सचे १७.६० वजा होतात आणि रेट येतो १०७.४०. मार्जिन टक्क्यात धरायची त्याची पद्धत असेल तर अजून चाळीस-पन्नास पैशांसारखा फरक पडेल, १०८ च्या खाली. यावर सही करायला हरकत नाही. १०६.६० हा आपला अंदाज आहे, त्याचा आग्रह धरून चांगला सप्लायर दुखवण्यात अर्थ नाही.

चेक: पुढे जाण्याआधी एवढं बघून घ्या. रॉडच्या भावाची तारीख लिहिली आहे का. वजनं तुमच्या वजनांशी जुळतात का. मागचा रेट पोच डिलिव्हरीचा होता आणि हा त्याच्या दारातला तर नाही ना, कारण टक्केवारीच्या चर्चेत भाडं गुपचूप बाहेर पडतं.

मेटल फारच वाढलं असेल तर अजून एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, सॉलिडऐवजी होलो रॉड वापरता येईल का. होलोचा किलोचा भाव जास्त असतो म्हणून मागे परवडत नव्हता असं होऊ शकतं, पण त्यात बोअरचं बरंचसं मेटल विकतच घ्यावं लागत नाही आणि ड्रिलिंगचा वेळही वाचतो. मेटल जितकं वर जातं तितकं हे गणित होलोच्या बाजूने झुकतं. साइझ मिळतो का आणि एकदम किती माल उचलावा लागतो हे मात्र आधी विचारा, आणि बदल केलात तर सॅम्पल पास केल्याशिवाय ऑर्डर सोडू नका.

## ६. व्हॅलिडिटी संपायच्या आत पीओ काढा

सगळं बरोबर करूनही लोक इथे अडकतात. मेटल चढतं असेल तेव्हा सप्लायर रेट आठवडाभरच धरून ठेवतो, कधी त्याहून कमी. तुमच्याकडे अप्रूव्हलला तीन सह्या आणि पंधरा दिवस लागतात. सही होऊन येते तोवर कोटेशन मेलेलं असतं, नवीन रेट येतो आणि परत पहिल्या सहीपासून सुरुवात.

त्यामुळे क्रम उलटा करा. अप्रूव्हलची नोट आधी तयार ठेवा, बजेट रेंजमध्ये मंजूर करून घ्या ("नगाला ११० पर्यंत"), आणि मग एन्क्वायरी सोडा. आणि पाचव्या मुद्द्यात मागितलेला फरकाचा नियम इथे कामाला येतो:

```
नगाच्या रेटमधला फरक =
  (०.०५० × रॉडच्या भावातला फरक) − (०.०२० × चिप्सच्या भावातला फरक)
```

०.०५० आणि ०.०२० ही किलोमधली ग्रॉस आणि चिप्सची वजनं. रॉड १३८० चा १४२० झाला आणि चिप्स ८८० च्या ९०० झाल्या तर २ वजा ०.४०, म्हणजे नगाला १.६० वाढ, १०७.४० चे १०९. सप्लायरला आणि तुमच्या अकाउंट्सला दोघांनाही हे आधीच माहीत असेल तर उशीर झाला तरी नव्याने बोलणी करायला बसावं लागत नाही. हा नियम दोन्ही दिशांनी लागू राहील हे शब्दात लिहून घ्या, नाहीतर वाढताना आठवतो आणि उतरताना विसरतो. किरकोळ हालचालीला हात लावायचा नाही असंही ठरवता येतं, उदाहरणार्थ रॉडचा भाव ३ टक्क्यांपेक्षा कमी हलला तर रेट तोच.

सावधान: पीओ दिल्यानंतर हा नियम चालू ठेवायचा की बंद करायचा ते स्पष्ट लिहा. लहान ऑर्डर असेल, एकाच खेपेत माल येणार असेल तर पीओच्या दिवशी रेट गोठवा, सप्लायरने त्याच दिवशी रॉड बुक करावा. वर्षभर खेपांमध्ये माल घ्यायचा असेल तरच दर महिन्याला किंवा तिमाहीला बदल ठेवा.

## ७. पीओमध्ये बेस लिहून ठेवा

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे पण पुढच्या रिपीट ऑर्डरचं अर्धं काम इथेच होतं. पीओच्या खाली एक ओळ टाका: "रेट १०७.४० हा रॉड १३८० प्रति किलो, चिप्स ८८० प्रति किलो, ग्रॉस ५० ग्रॅम, नेट ३० ग्रॅम यावर आधारित, भावाची तारीख अमुक." मेलमध्ये किंवा स्वतःच्या एक्सेलमध्ये नाही, पीओवरच, कारण पुढच्या वेळी कदाचित तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी असेल आणि त्याच्या हाताला पहिल्यांदा पीओच लागेल. माल आला की इन्व्हॉइसवरचा रेट या ओळीशी जुळतोय ना ते बघा, दहा नगांचं वजन परत घ्या, आणि ३० ग्रॅमचा बुश २८ भरला तर बोअर मोजा.